पोट मोठं, खांदे अरुंद: छाती आणि घेर मोजून शर्ट कसा घ्यायचा

पोट पुढे असलेला माणूस दुकानात जातो, नेहमीच्या साइजचा शर्ट घालतो, पोटावर बटणं ताणतात, म्हणून एक साइज वर जातो, तरी ताणतात, मग अजून एक वर, आणि शेवटी बटणं नीट लागतात तोवर खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली असते, बाही बोटांपर्यंत आलेली असते आणि कॉलरमध्ये अजून एक मान मावेल अशी जागा झालेली असते. मग घरी आल्यावर वाटतं की आपलं शरीरच शर्टाचं नाही. तसं नाहीये. चूक साइज वाढवत जाण्यात आहे.

रेडिमेड शर्टात साइज वाढली की सगळंच वाढतं. एका साइजमागे छाती साधारण 2 इंच वाढते आणि त्याच्यासोबत खांदा जवळपास अर्धा इंच. म्हणजे पोटासाठी तीन साइज वर गेलात तर 6 इंच घेर मिळतो पण दीड इंच खांदाही गळ्यात पडतो, जो तुम्हाला नकोच होता. आणि तो शर्ट स्लिम फिट असेल तर कंबरेत आत घेतलेला असतो, त्यामुळे तीन साइज वर जाऊनही पोटाला पुरेशी जागा मिळत नाही. म्हणून साइजचा आकडा बाजूला ठेवायचा आणि शर्टाची रुंदी बघायची, छातीत किती, पोटाच्या लेव्हलला किती आणि खाली घेरात किती.

आपल्याकडे नेहमी सांगतात की आधी खांदा बघा, बाकीचं टेलर करेल. सरळ अंगाच्या माणसाला हे बरोबर आहे. पण पोट मोठं असेल तर उलटं करावं लागतं, कारण जास्तीचं कापड आत घेता येतं पण नसलेलं कापड आणणार कुठून? रेडिमेड शर्टाच्या साइडच्या शिलाईत दाबच नसतो, दुमडून डबल टीप मारलेली असते, उसवलं तरी हाताला फार तर पाव इंच लागतो. त्यामुळे क्रम असा: आधी पोट आणि घेर, मग छाती, आणि या दोन्हीत पास झालेल्या शर्टांपैकी ज्याचा खांदा सगळ्यात लहान तो घ्यायचा.

1. अंगाची चार मापं घ्या

कापडी टेप घ्या, लोखंडी नको. अंगात पातळ बनियन ठेवा. माप दुसऱ्या कुणाकडून तरी घ्या, बायको, भाऊ, मुलगा, कुणीही, कारण स्वतःचा खांदा स्वतः मोजताच येत नाही आणि पोट मोजताना खाली वाकून बघितलं की माप बदलतं.

पहिलं माप खांद्याचं, ज्याला टेलर तीरा म्हणतात. पाठीमागून, एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरं छातीचं, काखेतून टेप फिरवून, हात खाली सोडून. तिसरं पोटाचं, उभं राहून, जिथे पोट सगळ्यात पुढे आलंय तिथे. बऱ्याच जणांचं ते बेंबीच्या आसपास असतं, काहींचं वर असतं, काहींचं खाली लोंबतं, म्हणून आरशात बाजूने बघा आणि जिथे खरंच जास्त आहे तिथेच टेप लावा. चौथं माप पुन्हा पोटाचंच, पण खुर्चीवर बसून. बसल्यावर पोट एक-दोन इंच तरी वाढतं आणि बटणं तुटतात ती बसल्यावरच, त्यामुळे खरं कामाचं माप हे.

अजून एक छोटी नोंद करा. मानेजवळ जिथे शर्टाची कॉलर खांद्याला भेटते तिथून खाली, छातीवरून, पोटाच्या सगळ्यात पुढच्या जागेपर्यंत किती इंच आहे ते मोजा. कुणाचं 17 येईल, कुणाचं 19. हा आकडा शर्ट मोजताना लागणार आहे.

*इथे चूक होते:* पॅन्टची कंबर म्हणजे पोटाचं माप असं धरतात. पोट असलेले बहुतेक लोक पॅन्ट पोटाखाली बांधतात, त्यामुळे 38 ची पॅन्ट घालणाऱ्याचं पोट 44 असू शकतं. पॅन्टचा नंबर इथे अजिबात वापरू नका. आणि माप घेताना श्वास आत ओढू नका, एक श्वास पूर्ण सोडा, पोट सैल सोडा, मग मोजा.

2. त्यातून आपले तीन आकडे काढा

शर्ट सपाट पसरून मोजतात म्हणून आपले आकडेही सपाटच काढायचे, म्हणजे पूर्ण मापाच्या निम्मे.

पोट आणि घेर: बसलेल्या पोटाच्या मापात 3 इंच मिळवा, मग निम्मे करा. यापेक्षा कमी चालणार नाही.
छाती: छातीच्या मापात 4 इंच मिळवा, निम्मे करा. हे कमीत कमी. जास्तीत जास्त 8 इंच मिळवलेलं अंगावर बरं दिसतं, त्याच्या वर गेलं तर काखेत आत घ्यावं लागेल.
खांदा: तुमच्या तीऱ्यापेक्षा 1 इंच जास्त असेल तर तसाच घाला, कुणाला कळतही नाही. 2 इंचापर्यंत असेल तर ऑल्टर करून घ्या. त्याच्या वर असेल तर शर्ट सोडून द्या.

माझ्या मामेभावाचं उदाहरण घेतो कारण त्याच्यासाठीच हे सगळं मी पहिल्यांदा नीट कागदावर मांडलं. त्याचा तीरा साडेसोळा, छाती 40, पोट उभं राहून साडेचव्वेचाळीस, बसून 46. कॉलरपासून पोटापर्यंत 18. म्हणजे पोट-घेर 46 अधिक 3, 49, निम्मे साडेचोवीस. छाती 22 ते 24. खांदा साडेसतरापर्यंत तसाच, साडेअठरापर्यंत ऑल्टर करून. हे आकडे त्याने मोबाइलमध्ये सेव्ह केलेत, तुम्हीही करा, दुकानात ऐन वेळी एकही आठवत नाही.

घेरालाही पोटाचाच आकडा का, खाली तर अंग बारीक होतं ना, असं विचारतील. शर्ट पोटाच्या सगळ्यात पुढच्या जागेवरून सरळ खाली पडतो, अंगाला चिकटून आत जात नाही. खाली रुंदी कमी असेल तर कापड पोटाच्या खालच्या बाजूला अडकतं, चालताना वर सरकतं आणि दर पाच मिनिटांनी शर्ट खाली ओढायची सवय लागते. ज्यांना ती सवय आहे त्यांचा घेर कमी पडतोय.

3. घरातला एक शर्ट मोजून हात बसवा

नवीन शर्टाकडे जायच्या आधी कपाटातला, त्यातल्या त्यात बरा बसणारा एक शर्ट काढा आणि मोजा. सगळी बटणं लावा, टेबलावर किंवा फरशीवर पसरा, पलंगावर नको, गादीत कापड दबतं आणि माप चुकतं. हाताने सुरकुत्या काढा पण ओढू नका. पाठीला चुणी असेल तर ती उघडायची नाही, जशी पडते तशी ठेवा.

छाती: काखेच्या शिलाईच्या एक इंच खाली, या साइडपासून त्या साइडपर्यंत.
पोट: कॉलर आणि खांद्याच्या जोडापासून आपला आकडा (मामेभावाचे 18) खाली मोजा आणि त्या लेव्हलला आडवं माप घ्या.
घेर: साइडच्या दोन्ही शिलाया खाली जिथे संपतात त्या दोन टोकांमध्ये सरळ आडवं.
खांदा: पाठीवरून, बाहीच्या एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत.

*इथे चूक होते:* खालची कड गोलाई असलेली असेल तर लोक त्या गोलाईवरून टेप फिरवतात. गोलाईवरून माप घेतलं की ते खऱ्या रुंदीपेक्षा बरंच जास्त येतं आणि अरुंद शर्ट पास होऊन जातो. टेप सरळ ठेवा, टोक ते टोक.

*तपासा:* तोच शर्ट घालून खुर्चीत बसा. पोटाच्या लेव्हलला तुमच्या आकड्यापेक्षा एक इंच कमी असेल तर बटणांच्या मध्ये फटी दिसतीलच. आकडा आणि अंगावरचं दिसणं जुळतंय ना हे एकदा स्वतः बघितलं की मग टेपवर विश्वास बसतो आणि ट्रायलचे दहा शर्ट वाचतात.

4. लेबल आणि साइज चार्ट वाचताना

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात त्यामुळे जरा सावकाश वाचा.

आपल्याकडे फॉर्मल शर्टावर 39, 40, 42, 44 असे आकडे असतात, आणि बऱ्याच कंपन्यांमध्ये तो आकडा कॉलरचा असतो, सेंटिमीटरमध्ये. काही कंपन्या मात्र छातीचा आकडा इंचात लिहितात. त्यामुळे माझी छाती 40 आहे म्हणून 40 नंबर उचलला तर तो 40 सेंटिमीटर कॉलरचा, म्हणजे पावणेसोळा इंच मानेचा शर्ट असू शकतो आणि त्याचा तुमच्या छातीशी थेट काही संबंध नसतो.

ऑनलाइन चार्टमध्ये दुसरी गोम असते. एखाद्या चार्टमध्ये छाती 44 लिहिलेली असते, ती 44 छातीच्या माणसासाठी आहे की शर्टच 44 इंचाचा आहे? दोन्हीत चार-पाच इंचांचा फरक पडतो. चार्टवर बॉडीचं माप की गारमेंटचं माप हे कुठेतरी लिहिलेलं असतं ते शोधा. आपल्याला गारमेंटचं हवं. फक्त बॉडीचं असेल तर त्यावरून घेर कळत नाही. आणि आकडा 22, 23 असा असेल तर तो सपाट, म्हणजे निम्मा आहे, त्याला घाबरून पुढची साइज लावू नका.

घेराचा कॉलम फारच कमी चार्टमध्ये असतो. कंबर दिलेली असेल तर छाती आणि कंबर यांच्यातला फरक बघा. पूर्ण मापात कंबर छातीपेक्षा 2 इंच किंवा जास्त कमी असेल तर तो आत घेतलेला शर्ट आहे, तिथेच सोडा. दोन्ही सारखे असतील तर सरळ कट, तो आपल्या कामाचा. काहीच दिलेलं नसेल तर विक्रेत्याला सरळ विचारा, शर्ट सपाट ठेवून खालची रुंदी किती, आणि उत्तर आलं नाही तर परत करायची सोय असेल तरच मागवा. मॉडेलच्या फोटोवरून काही ठरवू नका, त्या मुलाला पोटच नसतं.

नावाचं म्हणाल तर स्लिम, टेलर्ड, मस्क्युलर फिट हे आपले नाहीत. रेग्युलर, कम्फर्ट, क्लासिक, रिलॅक्स्ड इथून शोध सुरू करा. ओव्हरसाइज आणि ड्रॉप शोल्डर लोक पोट झाकायला घेतात पण अरुंद खांद्यावर तो खांदा अजून खाली पडतो आणि सगळा माणूस खाली ओघळल्यासारखा दिसतो, माझ्या मते तो मार्ग घेऊच नये. उलट आपला जुना बुशशर्ट, सरळ कड, सरळ साइड, खाली दोन्ही बाजूंना दोन-तीन इंचांचे कट, हा या अंगासाठी फार चांगला आहे. कट असल्यामुळे बसल्यावर घेर आपोआप उघडतो. फक्त कट पोटाच्या खाली असतात हे लक्षात ठेवा, पोटाच्या लेव्हलची रुंदी त्यातही पुरी हवीच.

5. दुकानात: आधी टेप, मग ट्रायल

खिशात टेप घेऊन जा. दुकानदाराला काही वाटत नाही, मागितलं तर बहुतेक ठिकाणी तेच काढून देतात. काउंटरवर शर्ट पसरा, पोट आणि घेर मोजा, तिथे फेल झाला तर घालूनही बघू नका.

मामेभावासमोर तीन शर्ट होते. पहिला 44 नंबर स्लिम: खांदा साडेअठरा, छाती 24, पोटाला 23, घेर साडेतेवीस. नंबर सगळ्यात मोठा, खांदाही मोठा, आणि पोटाला दीड इंच कमी, म्हणजे गोल मोजलं तर तब्बल 3 इंच कमी. दुसरा 42 रेग्युलर: खांदा पावणेअठरा, छाती साडेतेवीस, पोट साडेतेवीस, घेर 24. हा त्याला घालताक्षणी आवडला कारण उभं राहून छान दिसत होता. हिशोब बघा, शर्ट पोटाला पूर्ण 47, तो उभा साडेचव्वेचाळीस, अडीच इंच मोकळे, बटणं आरामात लागली. मग मी त्याला ट्रायल रूमबाहेरच्या स्टुलावर बसवलं. पोट 46 झालं, उरला एक इंच, आणि चौथ्या-पाचव्या बटणाच्या मध्ये डोळ्याच्या आकाराची फट पडली, आतलं बनियन दिसायला लागलं. तिसरा 44 रेग्युलर: खांदा सव्वाअठरा, छाती साडेचोवीस, पोट साडेचोवीस, घेर 25. पोट पास, घेर पास, छाती अर्धा इंच जास्त, खांदा ऑल्टर करण्याइतका. तोच घेतला, आणि दुसऱ्यासाठी त्याला अजून वाईट वाटतं पण ऑफिसात आठ तास माणूस बसूनच असतो.

पहिला आणि तिसरा दोन्ही 44 नंबरच होते. पोटाला एकात 23, दुसऱ्यात साडेचोवीस.

ट्रायल रूममध्ये एवढं बघा

बसून बघा, हे तर झालंच. बसल्यावर बटणांभोवती इंग्रजी X सारख्या आडव्या-तिरक्या सुरकुत्या आल्या तर पोटाला कमी पडतंय. बाजूने आरशात बघा, साइडची शिलाई सरळ खाली जाते की पुढे ओढली गेलीय? पुढे ओढली गेली म्हणजे पाठीचं कापड पोट उचलून नेतंय. आणि पुढची कड बघा, पोट कापड वर उचलतं त्यामुळे पुढून शर्ट मागच्यापेक्षा आखूड दिसतो. बाहेर सोडून घालायचा असेल तर पुढची कड पॅन्टच्या चेनच्या मध्यापर्यंत तरी यायला हवी, बसल्यावर पट्टा उघडा पडत असेल तर लांबी कमी आहे आणि त्याला टेलरकडे उपाय नाही.

*सावध:* कापडात लायक्रा आहे, ताणेल, असं सेल्समन सांगेल. ताणतं हे खरं, पण ताणलेलं कापड पोटाचा आकार दाखवतं. आपली रुंदी न ताणता मिळाली पाहिजे, ताण हा हात वर करायला ठेवा.

6. ऑल्टर: आधी धुवा, मग क्रमाने करा

कॉटन किंवा लिनन असेल तर टेलरकडे नेण्याआधी एकदा धुवून वाळवून इस्त्री करा. धुतल्यावर कापड थोडं बसतं, लांबीत जास्त आणि रुंदीतही जरासं. नवाकोरा शर्ट मापात आत घेतला आणि मग धुतला तर तो थोडासा गेलेला भाग पोटावरच जाणवतो. धुतल्यावर पोट आणि घेर पुन्हा मोजा.

मग टेलरला या क्रमाने सांगा.

*आधी खांदा.* बाही उसवून, खांदा कापून, बाही परत बसवायची. एका बाजूने अर्धा इंच हे सुरक्षित, त्याच्या वर मुंढ्याचा आकार बिघडायला लागतो आणि हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो. मामेभावाचा सव्वाअठराचा सव्वासतरा झाला, म्हणजे तीऱ्यापेक्षा पाऊण इंच जास्त, बास. हे काम कटकटीचं असतं, टेलर टाळाटाळ करतात, म्हणतात राहू दे चालतंय, पण या अंगाला सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. रेघांचा किंवा चेक्सचा शर्ट असेल तर बाहीच्या रेघा परत जुळतील का ते आधी विचारा.

*मग बाहीची लांबी.* खांदा अर्धा इंच आत गेला की बाही आपोआप तेवढी वर जाते. आधी बाही कापली आणि मग खांदा आत घेतला तर मनगट उघडं पडतं.

*मग काख.* छाती जास्त असेल तर काखेत दोन्ही बाजूंनी थोडं आत घ्यायचं, मामेभावाच्या शर्टात प्रत्येक साइडला अर्धा इंच घेतला, सपाट छाती साडेचोवीसची साडेतेवीस झाली. पण ही टीप काखेपासून सुरू करून तिरकी बाहेर आणायची आणि पोटाच्या लेव्हलच्या तीन-चार इंच वर शून्य करायची. टेलरच्या हाताला सवय असते काखेपासून खालपर्यंत सरळ टीप मारायची, आणि तशी मारली की सगळी मेहनत फुकट, पोट गेलं. म्हणून शर्ट घालून, टेलरसमोर उभं राहून, जिथे टीप संपली पाहिजे तिथे खडूची आडवी खूण करून घ्या आणि म्हणा याच्या खाली हात लावायचा नाही.

कपाटातले अडकलेले शर्ट

जे आधीच घेऊन बसलात त्यातले काही वाचतात. पाठीला दोन उभे डार्ट असतील तर ते उसवा, दोन्ही मिळून पोटाच्या लेव्हलला एक-दीड इंच मिळतो, आणि हलक्या कॉटनवर सुईची भोकं एक-दोन धुण्यात बुजतात, सॅटिनसारख्या चकचकीत कापडावर मात्र दिसत राहतात. पोटाला पुरतोय पण खाली कमरेवर अडकतोय असा शर्ट असेल तर साइडची शिलाई खालून तीन इंच उघडून बुशशर्टसारखे कट करून घ्या. पोटालाच दोन इंच कमी असेल आणि डार्टही नसतील, तर तो भावाला किंवा पुतण्याला द्या.

शिवून घेणार असाल तर टेलरला पोटाचं माप बसून वेगळं घ्यायला लावा आणि पुढची लांबी मागच्यापेक्षा इंचभर जास्त ठेवायला सांगा. बरेच टेलर छाती मोजतात, कंबर पॅन्टवर मोजतात आणि मधलं अंदाजाने काढतात. पावती पुस्तकात पोट म्हणून वेगळा आकडा लिहिलेला दिसल्याशिवाय कापड हातातून सोडू नका.